शेअर नेमका कितीला पडला? पुट अंगावर आल्यानंतरचा हिशेब

परभणीच्या किंवा नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीन घेणाऱ्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. एक, काय भावानं घेतलं? दुसरा, कितीला पडलं? पहिल्याचं उत्तर सौदापट्टीवर असतं. दुसऱ्याचं उत्तर हमाली, तोलाई आणि गाडीभाडं धरून, रिकामा बारदाना विकून आलेले पैसे वजा करून निघतं. तो आकडा कुठल्याही पट्टीवर छापलेला नसतो. ज्याचा त्याला काढावा लागतो.

पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याची हमी, विकून शेअर अंगावर घेतले आणि मग त्यावर महिन्याला कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला ते देण्याची हमी, विकत राहिलं, तर हेच होतं. ब्रोकरच्या ॲपवर एक भाव दिसतो, मनात दुसरा असतो आणि आयकराच्या कागदावर तिसरा येतो. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गोंधळ होतो तो एका कामासाठी दुसऱ्याचा आकडा वापरल्यामुळे.

आधी एक गैरसमज दूर करू. पुट किंवा कॉल विकून मिळणारा प्रीमियम म्हणजे इसार नव्हे. प्लॉटच्या व्यवहारात इसार दिला की तो पुढे पूर्ण किमतीतून वळता होतो. दहा लाखांच्या प्लॉटला एक लाख इसार दिला तर खरेदीखताच्या दिवशी नऊच द्यायचे. प्रीमियम असा वळता होत नाही. पुट विकणारा म्हणतो, "हा शेअर ६२० च्या खाली गेला तरी मी ६२० ला घेईन, पण या हमीचे पैसे मला आजच द्या." ते पैसे हमीचे. उद्या खरंच शेअर घ्यायची वेळ आली तर पूर्ण ६२० मोजावे लागतात, मिळालेला प्रीमियम त्यातून कोणी कापून देत नाही. वळतं करायचं ते आपण, आपल्या वहीत. आणि नेमकं किती, केव्हा आणि कशातून वळतं करायचं, इथेच लोक चुकतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. लातूरच्या गंजगोलाईत दुकान असलेला एक जण आहे असं समजा. त्याला एका कंपनीचा शेअर ६४० ला महाग वाटतो, पण ६२० ला मिळाला तर हवा आहे. लॉट, म्हणजे एका सौद्यातले शेअर, १,००० चा. तो ६२० चा पुट १४ रुपयांना विकतो. १४,००० रुपये खात्यात येतात.

एनएसईवर शेअरचे ऑप्शन महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात. त्या दिवशी शेअर ६०० वर बंद झाला. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे पुट अंगावर येतो तो एक्स्पायरीलाच, आधी नाही. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर ऑप्शनचा निपटारा पैशांत नाही, प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. त्यामुळे दुकानदाराला ६,२०,००० रुपये भरून १,००० शेअर घ्यावेच लागले. डिलिव्हरीवरचा एसटीटी हा व्यवहार कर ०.१ टक्का म्हणजे ६२० रुपये, मुद्रांक शुल्क ९३ रुपये, वर ब्रोकरचा दर आणि पुट विकतानाचा किरकोळ खर्च. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून सगळा मिळून हजार रुपये धरू. शेअरमागे एक रुपया.

तर शेअर कितीला पडला? ६२० दिले, १४ मिळाले होते, १ खर्च झाला. ६०७ ला पडला. बाजारभाव ६०० असल्यामुळे तो शेअरमागे ७ रुपयांनी तोट्यात आहे. ॲपवर मात्र बहुधा ६२० खरेदी भाव आणि २० रुपयांचा तोटा दिसेल.

"बहुधा" म्हणण्याला कारण आहे. पुट अंगावर आल्याची नोंद दोन तऱ्हेने होते. पहिल्या तऱ्हेत पुटचा पूर्ण प्रीमियम, १४ रुपये, नफा म्हणून दाखवतात आणि शेअरची खरेदी ६२० ने. दुसऱ्या तऱ्हेत असं धरतात की पुट एक्स्पायरीला २० रुपये किमतीचा होता. १४ ला विकला आणि २० ला सुटला, म्हणून पुटवर ६ रुपये तोटा. मग शेअर त्या दिवशीच्या बंद भावाने, ६०० ने घेतले असं लिहितात. पहिल्यात ६२० वजा १४ म्हणजे ६०६. दुसऱ्यात ६०० अधिक ६ म्हणजे ६०६. दोन्ही तऱ्हा बरोबर आहेत, उत्तर एकच आहे; वर खर्चाचा एक रुपया धरला की तेच ६०७.

घोटाळा होतो तो एकीचं अर्धं आणि दुसरीचं अर्धं उचलल्यावर. नफा-तोट्याच्या अहवालात पुट ६ रुपये तोट्यात दिसला आणि होल्डिंगमध्ये शेअर ६२० ने दिसला, की शेअर ६२६ ला पडला असं वाटतं. तोटा दोनदा मोजला जातो. उलट, प्रीमियम १४ नफा आणि शेअर ६०० ने, असं धरलं की ५८६ येतात आणि माणूस उगाच खूश होतो. खात्री करायची असेल तर ॲपवरचा अहवाल बाजूला ठेवून खात्याचं लेजर उघडावं. पुटचे किती आले आणि शेअरसाठी खरंच किती गेले, या दोन ओळी तिथे रुपयांत असतात. त्यांच्यातला फरक भागिले शेअर हा तुमचा भाव. लेजर खोटं बोलत नाही, कारण ते रोख पैशांवर चालतं.

पुढचा महिना. हातात शेअर आहेत, भाव ६०७. दुकानदार ६३० चा कॉल ९ रुपयांना विकतो. म्हणजे आता उलटी हमी: शेअर ६३० च्या वर गेला तरी मी ६३० लाच देईन. कॉल विकण्याच्या खर्चाचे ढोबळ १०० रुपये, शेअरमागे १० पैसे, धरू. एक्स्पायरीला शेअर ६१५ वर राहिला, कॉल वाया गेला, प्रीमियम याच्याकडे राहिला. ६०७ वजा ८.९० म्हणजे ५९८.१०. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं, आणि इथेच सवय लागते: प्रीमियम आला की वजा करायचा.

तिसऱ्या महिन्यात ती सवय नडते. त्याने पुन्हा ६३० चा कॉल विकला, या वेळी १० रुपयांना. पैसे आले त्याच दिवशी खर्च धरून वहीत वजा केले आणि भाव लिहिला ५८८.२०. मग एक्स्पायरीच्या आठवडाभर आधी शेअर ६५५ वर गेला. आता तो कॉल बाजारात २९ रुपयांना आहे: २५ रुपये शेअर वर गेल्याचे, ४ उरलेल्या दिवसांचे. दुकानदाराला ६३० ला शेअर द्यायचे नाहीत. तो २९ ला कॉल परत घेतो आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा ६५० चा कॉल २४ ला विकतो. बाजारात याला रोल करणं म्हणतात.

आता वहीत काय लिहायचं? बरेच जण नव्या कॉलचे २४ लगेच वजा करतात, आणि २९ देऊन कॉल परत घेतला ही गोष्ट "तो तर जुना सौदा" म्हणून सोडून देतात. मग वहीत ५६४.३० असा देखणा भाव दिसतो. खरा हिशेब वेगळा आहे. जुना कॉल १० ला विकला आणि २९ ला घेतला, १९ रुपये तोटा. दोन्ही बाजूंचा खर्च २० पैसे. म्हणून ५९८.१० मध्ये १९.२० मिळवायचे: ६१७.३०. म्हणजे शेअरचा आपला भाव वाढला. प्रीमियममुळे भाव खाली येतो हे खरं, पण कॉल परत घ्यायला दिलेले पैसेही प्रीमियमच आहेत, फक्त उलट्या दिशेने गेलेले.

आणि नव्या कॉलचे २४? ते आज वजा करू नयेत. कॉल उघडा आहे तोवर ते पैसे पूर्णपणे आपले नाहीत. उद्या तो परत घ्यायला त्यातले किती जातील किंवा त्याहून किती जास्त लागतील, सांगता येत नाही. म्हणून उघड्या कॉलसाठी बाजूला एक वेगळा रकाना ठेवावा. कॉल संपला, परत घेतला किंवा अंगावर आला की मगच निव्वळ आकडा मुख्य हिशेबात आणावा. या एका शिस्तीने निम्म्याहून जास्त चुका थांबतात.

चौथ्या महिन्यात शेअर ६४० वर आला आणि ६५० चा कॉल वाया गेला. ६१७.३० वजा २३.९०, म्हणजे ५९३.४०. पाचव्या महिन्यात त्याने पुन्हा ६५० चा कॉल १३ ला विकला आणि एक्स्पायरीला शेअर ६६८ वर बंद झाला. कॉल अंगावर आला, १,००० शेअर ६५० ने गेले. डिलिव्हरीचा खर्च पुन्हा ढोबळ हजार. हा सगळा प्रवास वहीत असा दिसेल. आपण दिलेले पैसे अधिक, मिळालेले उणे.

| नोंद | शेअर | रुपये | आपला भाव |
|---|---|---|---|
| ६२० पुटचा प्रीमियम | ० | −१४,००० | |
| शेअर ६२० ने आले, खर्चासह | +१,००० | +६,२१,००० | ६०७.०० |
| ६३० कॉल ९ ला, वाया गेला | ० | −८,९०० | ५९८.१० |
| ६३० कॉल १० ला विकून २९ ला परत | ० | +१९,२०० | ६१७.३० |
| ६५० कॉल २४ ला, वाया गेला | ० | −२३,९०० | ५९३.४० |
| ६५० कॉल १३ ला, अंगावर आला | ० | −१२,९०० | ५८०.५० |
| शेअर ६५० ने गेले, खर्च वजा | −१,००० | −६,४९,००० | |
| बेरीज | ० | −६८,५०० | |

शेवटची बेरीज उणे ६८,५०० म्हणजे दिले त्यापेक्षा तितके जास्त मिळाले, तो नफा. दुसऱ्या वाटेनेही तपासता येतो: ६४९ वजा ५८०.५० म्हणजे ६८.५०, गुणिले १,०००. इथे आणखी एक चूक लोक हमखास करतात. ६५० मधून ५८०.५० वजा करून नफा काढतात, आणि वर "प्रीमियमचे ४१ हजार वेगळेच" म्हणून पुन्हा मिळवतात. ते ४१ हजार (१४ अधिक ९ अधिक १० वजा २९ अधिक २४ अधिक १३) आधीच भाव खाली आणण्यात खर्ची पडले आहेत. एकतर शेअरवर ३० रुपये नफा आणि प्रीमियम ४१ असं वेगळं धरा, किंवा सुधारित भावावरून एकत्र काढा. दोन्ही केलं तर बारदाना दोनदा विकल्यासारखं होईल.

वही स्प्रेडशीटमध्ये ठेवत असाल तर A रकान्यात तारीख, B मध्ये नोंद, C मध्ये शेअर, D मध्ये रुपये, आणि E2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IF(SUM(C$2:C2)=0,"",SUM(D$2:D2)/SUM(C$2:C2))
```

शेअर हातात नसताना भागाकार करू नये म्हणून ती IF आहे. उघड्या कॉलचा प्रीमियम F रकान्यात ठेवा, म्हणजे तो सूत्रात शिरत नाही. D मध्ये आकडा नेहमी एकूण रुपयांचा लिहावा, शेअरमागे किती तो नाही. कारण लॉट बदलतो. एक्स्चेंज अधूनमधून लॉटचा आकार नव्याने ठरवतं. समजा हातात १,००० शेअर आहेत आणि नवा लॉट ८०० चा झाला. मग ९ रुपयांचा कॉल विकल्यावर ७,२०० रुपये येतात, आणि १,००० शेअरवर विभागले तर भाव ७.२० ने उतरतो, ९ ने नाही. शेअरमागे ९ लिहिणाऱ्याची वही तिथून पुढे कायमची चुकते. उलट नवा लॉट १,२०० चा झाला तर अडचण हिशेबाची नाही, त्याहून मोठी आहे: हजार शेअरवर एक कॉल विकला तरी २०० शेअर उघडे पडतात, आणि कॉल अंगावर आला की ते २०० बाजारातून आणून द्यावे लागतात.

बोनसही रुपयांच्या वहीत सोपा जातो. एकास एक बोनस आला की C मध्ये +१,००० आणि D मध्ये ०. भाव आपोआप निम्मा होतो. (करासाठी मात्र बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि मूळ शेअरची तशीच राहते. तिसऱ्या आकड्याचा विषय पुढे आहेच.)

हा सुधारित भाव काढून करायचं काय, तर याचं खरं काम एकच आहे: पुढचा कॉल कोणत्या स्ट्राइकचा, म्हणजे कोणत्या ठरलेल्या भावाचा, विकायचा ते ठरवणं. कॉल अंगावर आला तर हातात येणार ते स्ट्राइक अधिक त्या कॉलचा प्रीमियम. ही बेरीज आपल्या भावापेक्षा जास्त असेल तर शेअर गेले तरी पदरात काही पडतं. कमी असेल तर आपण स्वतःच्या हाताने तोट्याची सही करतो आहोत.

आपलंच उदाहरण दुसऱ्या महिन्यानंतर उलटं फिरवून बघा. भाव ५९८.१० आहे आणि शेअर ६१५ वरून वर न जाता ५२० ला आला. आता ६०० चा कॉल एखाद्या रुपयाला जातो, त्यात काही राम नाही. ५४० चा कॉल ९ ला जातो. "भाव आणखी ९ ने खाली येईल" हे आमिष मोठं आहे. पण ५४० अधिक ९ म्हणजे ५४९, आणि आपला भाव ५९८.१०. शेअर पुढच्या महिन्यात उसळून ५७० वर गेला तर तो ५४० ला द्यावा लागेल. खर्च धरून शेअरमागे ५०.२० रुपये, एकूण ५०,२०० रुपये तोटा पक्का, आणि तोही शेअर वर जात असताना. एका महिन्याच्या ९ हजारांसाठी केलेला हा सौदा आहे. अशा वेळी कॉल न विकता महिना रिकामा सोडणं हाही एक पर्याय असतो, आणि तो बऱ्याचदा बरा. शेअर वर गेल्यावर रोल करत राहू, असं म्हणणाऱ्याने तिसऱ्या महिन्यातली १९ रुपयांची ओळ पुन्हा बघावी. रोल केल्याने भाव वर सरकतो.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. वहीतला भाव दर महिन्याला ८-१० रुपयांनी उतरत असतो आणि माणसाला वाटतं आपण जिंकतोय. पण शेअर महिन्यात ६० रुपयांनी पडला तर त्या ९ रुपयांनी काय होणार? म्हणून वहीत आपल्या भावाच्या शेजारी त्या दिवशीचा बाजारभावही लिहावा. दोन्हींतलं अंतर वाढतंय की कमी होतंय, ते बघायचं. नुसता उतरता आकडा बघत बसणं म्हणजे विहिरीचं पाणी न बघता नुसता दोर किती सोडला ते मोजणं.

आता आयकराची वही. यूट्यूबवरचे या विषयावरचे बरेच इंग्रजी व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे करारात १०० शेअर असतात, पुट कुठल्याही दिवशी अंगावर येऊ शकतो, आणि पुट अंगावर आला की त्याचा प्रीमियम शेअरच्या खरेदी किमतीतून वजा होतो, तेही करासाठी. म्हणजे तिथल्या पुटचा प्रीमियम खरोखर इसारासारखा वळता होतो. त्यांच्याकडेसुद्धा वाया गेलेल्या कॉलचा प्रीमियम शेअरच्या किमतीतून वजा होत नाही, तो वेगळा नफा धरतात. आणि अंगावर आलेल्या कॉलचा प्रीमियम विक्रीच्या रकमेत मिळवतात. ते नियम उचलून इथलं विवरणपत्र भरलं तर चुकेल.

आपल्याकडे शेअर बाजारातल्या ऑप्शनचं उत्पन्न हे व्यवसायाचं उत्पन्न धरतात, सट्ट्याचं नाही. शेअर गुंतवणूक म्हणून ठेवले असतील तर त्यांचा नफा भांडवली नफा. प्रचलित पद्धत अशी की प्रीमियमचं सगळं एका बाजूला, शेअरचं दुसऱ्या बाजूला. दुकानदाराच्या बाबतीत प्रीमियमचे निव्वळ ४१,००० रुपये, त्यातून त्याचा खर्च वजा करून, व्यवसायाचं उत्पन्न झालं. त्यावर त्याच्या टप्प्याप्रमाणे कर. शेअर ६२० ने आले आणि ६५० ने गेले, म्हणून ३०,००० रुपये अल्पकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध शेअरसाठी त्याचा दर २० टक्के आहे. भांडवली नफा काढताना एसटीटी खर्च म्हणून वजा मिळत नाही, व्यवसायाच्या उत्पन्नातून मिळतो. ५८०.५० हा आकडा या कागदावर कुठेच येत नाही. पुट अंगावर आल्याची नोंद वर सांगितलेल्या दोन तऱ्हांपैकी कोणत्या तऱ्हेने करायची, ते मात्र सीएबरोबर पहिल्याच वर्षी ठरवून घ्यावं आणि मग दरवर्षी तीच ठेवावी. मार्चमध्ये सीएला नुसता ब्रोकरचा अहवाल पाठवला आणि त्यात दोन्ही तऱ्हांची भेसळ असली, तर त्याने ती कशी ओळखायची?

ही वाटणी नुसती कागदोपत्री नाही, ती खिशाला लागते. ५४० चा कॉल अंगावर आलेलं उलटं उदाहरण घ्या. आपल्या वहीत ५०,२०० रुपये तोटा. आयकराच्या वहीत मात्र प्रीमियमचे १४ अधिक ९ अधिक ९, म्हणजे ३२,००० रुपये व्यवसायाचं उत्पन्न, आणि शेअरवर ६२० वजा ५४०, म्हणजे ८०,००० रुपये अल्पकालीन भांडवली तोटा. भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो. दुसरीकडे कुठे भांडवली नफा नसेल तर तो तोटा पुढे आठ वर्षं ओढता येतो (विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच), पण त्या वर्षी ३२,००० वर कर भरावाच लागतो. एकूण व्यवहारात पैसे गेले, तरी कर लागला. म्हणून आपल्या भावाच्या खाली कॉल विकण्याचा विचार करताना हा बोजाही धरावा.

आर्थिक वर्ष मध्येच बदललं तरी आपली वही बंद करायची नाही. फेब्रुवारीत पुट अंगावर आला आणि जूनमध्ये शेअर गेले, तर आयकराचा प्रीमियम दोन वर्षांत विभागला जाईल, शेअरचा नफा दुसऱ्या वर्षात येईल. आपल्या वहीतली ओळ मात्र शेअर हातात आहेत तोवर अखंड चालते.

राहिली एक व्यवहारातली अडचण, जी वहीत दिसत नाही पण आकडा बिघडवते. कॉल विकायला मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, लागतं, आणि बहुतेक जण तेच शेअर तारण ठेवून ते मिळवतात. एक्स्पायरीला कॉल अंगावर येणार असं दिसलं की ते शेअर आधी तारणातून सोडवून डिमॅट खात्यात मोकळे करावे लागतात. सोडवायला दिवस जातो, आणि प्रत्येक ब्रोकरची वेळेची मर्यादा वेगळी. शेअर हातात असूनही वेळेवर देता आले नाहीत तर एक्स्चेंज ते लिलावात विकत घेऊन समोरच्याला देतं आणि फरक तुमच्याकडून वसूल करतं. असं झालं तर तो फरकही D रकान्यात अधिक म्हणून लिहायचा. आणि शेअर तुमच्याकडेच राहिलेले असतात, म्हणून वही बंद झाली असं समजून शेवटची −१,००० ची ओळ टाकू नका.